फोनवर 'वीस हजार' ठरले, पण कोणते वीस हजार?

८ नोव्हेंबरला दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात एक पोरगा संध्याकाळी धापा टाकत माझ्या ओट्यावर आला. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, सध्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून कामाला. पुण्याच्या एका कन्सल्टन्सीतून त्याला फोन आला होता. वावरात नेटवर्क येत नाही म्हणून त्याने बोलणं बांधावर उभं राहून केलं होतं.

"काका, वीस हजार देतो म्हणते मॅडम. एक तारखीले बलावलं. जिनिंगमध्ये उद्या सांगून टाकतो."

"वीस हजार हातात का कागदावर?"

"थे नाही इचारलं."

"कंपनीत घेणार, का ठेकेदाराकडे?"

"थे बी नाही इचारलं. पण सुपरवायझर म्हणून घेते म्हणे."

मी नऊ वर्षं पुण्याकडच्या एका कारखान्यात भरतीचं काम केलं. फोनच्या त्या टोकाला काय चालतं हे मला माहीत आहे, म्हणून आधी तेच सांगतो. भरतीवाला माणूस दिवसाला तीस-चाळीस फोन करतो. समोर एक्सेलची शीट असते. त्यात तुमच्या नावापुढे 'इंटरेस्टेड, २० के, १ डिसें' एवढंच टाइप होतं. ऑफर लेटर तयार करणारा माणूस दुसराच असतो, बरेचदा दुसऱ्या इमारतीत, आणि कन्सल्टन्सी असेल तर चक्क दुसऱ्या संस्थेत. त्याच्यापर्यंत तुमचं दहा मिनिटांचं बोलणं पोचत नाही, ती एक ओळ पोचते. त्या ओळीत जे नाही, ते तो आपल्या नेहमीच्या साच्यातून भरतो, आणि तो साचा कंपनीच्या सोयीचा असतो.

माझ्या हातून हे एकदा घडलं आहे. भंडाऱ्याकडच्या एका मुलाला मी फोनवर रात्रपाळीचा भत्ता वेगळा मिळेल असं सांगितलं होतं. शीटमध्ये लिहायचं राहून गेलं. तो घरदार सोडून आला, पहिला पगार झाला, भत्ता नव्हता. तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "सर, तुम्ही बोलला होता." मला आठवतही नव्हतं. त्याच्याकडे दोन ओळींचा मेल असता तर तो दाखवून मी वरून मंजुरी आणू शकलो असतो. मेल नव्हता, भत्ताही मिळाला नाही. तेव्हापासून पोरांना मी हे कळकळीने सांगतो. समोरचा फसवणारा असेलच असं नाही, पण तो विसरणारा नक्की असतो.

पोराला मी म्हटलं, जिनिंगमध्ये कोणालाही काही सांगू नकोस. आज रात्री जेवायच्या आधी मॅडमला मेल जाईल. त्याआधी वीस हजाराचा हिशोब करू.

वहीच्या मागच्या पानावर आम्ही तीन रकाने पाडले. पहिला रकाना, वीस हजार थेट हातात. दुसरा, वीस हजार ग्रॉस, म्हणजे कपातीच्या आधीचा पगार. तिसरा, वीस हजार सीटीसी, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा होणारा सगळा खर्च. फोनवर तिन्हींना 'वीस हजार' असंच म्हणतात.

ग्रॉस वीस हजार धरू आणि त्यातला मूळ पगार व महागाई भत्ता मिळून चौदा हजार समजू. पीएफ त्या चौदा हजारांवर १२ टक्के कापला जातो, म्हणजे १,६८०. ग्रॉस एकवीस हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू होतो. त्यात कामगाराचा वाटा पाऊण टक्का, म्हणजे १५०. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. (बाईमाणसाला पंचवीस हजार पगारापर्यंत हा कर नाही.) एकूण कपात २,०३०. हातात आले १७,९७०.

आता सीटीसी वीस हजार धरू. पीएफमध्ये कंपनीही १२ टक्के भरते आणि ईएसआयमध्ये सव्वातीन टक्के. सीटीसीच्या हिशोबात हे कंपनीने भरायचे पैसेही तुमच्या वीस हजारांतच मोजलेले असतात. मूळ पगार तोच धरला तर ते साधारण १,६८० आणि ५७७ होतात. ते वजा गेले की ग्रॉस उरतो १७,७४३च्या आसपास. त्यातून तुमची स्वतःची कपात, सुमारे २,०१४. हातात राहिले जवळपास १५,७३०. ग्रॅच्युइटी आणि बोनसही सीटीसीत घातले असतील तर आकडा अजून खाली येतो.

पोरगा बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. जिनिंगमध्ये त्याला हातात तेरा हजार मिळतात आणि रात्री तो घरी जेवतो. पुण्याकडे खोलीभाडं आणि मेस स्वतःची. वीस हजार हातात आले तर जाण्यात अर्थ होता. पावणेसोळा हजार असतील तर गणित वेगळं होतं. पीएफचे पैसे आपलेच आहेत, पुढे मिळतात, हे खरं. पण खोलीचं भाडं पीएफमधून देता येत नाही.

पगाराबाबत अजून एक गोष्ट आहे आणि आपल्याकडची पोरं तिथे हमखास अडकतात. वीस हजार हे आठ तासांच्या ड्यूटीचे की बारा तासांच्या? ठेकेदारीवरच्या बऱ्याच जागांमध्ये रोजचे चार तास ओव्हरटाइम धरूनच आकडा सांगतात. महिन्यात ओव्हरटाइम मिळाला नाही की पगार खाली येतो. म्हणून मेलमध्ये रकमेच्या शेजारीच तास लिहायचे. तासांशिवाय सांगितलेली रक्कम अर्धवट असते.

पदाचंही असंच. फोनवर 'सुपरवायझर' म्हणतात आणि पत्रात 'ट्रेनी' येतं. 'ट्रेनी' या शब्दाचे दोन अर्थ निघतात. एक, कंपनीच्या नेहमीच्या नोकरीतला नवखा माणूस, ज्याला काही महिन्यांनी कायम करतात. दुसरा, १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा शिकाऊ. त्याला पगार नाही, विद्यावेतन असतं, आणि तो कायद्याने कामगार धरला जात नाही. त्याला पीएफ, ईएसआय लागू होत नाही आणि मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच असं नाही. शिकाऊ म्हणून जाण्यात वाईट काही नाही, नवीन मुलांनी जावंही. पण जाताना ते माहीत असावं. म्हणून पद लिहिताना पत्रात जसं छापून येणार तसं लिहायचं आणि लगेच विचारायचं की ही नेमणूक नियमित आहे, ट्रेनी म्हणून आहे की शिकाऊ म्हणून.

नेमणूक कोणाच्या रोलवर, हाही प्रश्न त्याच ओळीत यायला हवा. काम एका मोठ्या कारखान्यात, पण पगारपत्रक आणि पीएफ ठेकेदाराच्या नावाने, असं खूप ठिकाणी असतं. कन्सल्टन्सीच्या माणसाचा शब्द कंपनीला बांधून ठेवत नाही. तो मध्यस्थ आहे. म्हणून 'पत्र कोणाच्या लेटरहेडवर येणार' असा साधा प्रश्न विचारला की रोलचं उत्तर आपोआप मिळतं.

आता मेल. पोराने मोबाइलवर टाइप केला, मी शेजारी बसून होतो. मॅडम मराठीत बोलल्या होत्या म्हणून मराठीतच लिहिला. बोलणं हिंदीत झालं असतं तर हिंदीत लिहिला असता. भाषेपेक्षा आकडे आणि तारखा महत्त्वाच्या. तो मेल जवळपास असा होता:

> विषय: ८ नोव्हेंबरचं फोनवरचं बोलणं, प्रॉडक्शन सुपरवायझर, रांजणगाव
>
> नमस्कार मॅडम,
>
> आज ८ नोव्हेंबरला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आपण फोन केला, त्याबद्दल आभार. बोलण्यातून मला समजलं ते खाली लिहितो.
>
> पद: प्रॉडक्शन सुपरवायझर.
> कामाचं ठिकाण: रांजणगाव.
> पगार: महिन्याला २०,००० रुपये.
> रुजू होण्याची तारीख: १ डिसेंबर.
>
> या गोष्टी बोलण्यात स्पष्ट झाल्या नाहीत, त्या कळवाव्या: २०,००० ही रक्कम हातात येणारी, ग्रॉस की सीटीसी? ड्यूटी ८ तासांची की १२ तासांची? नेमणूक कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराच्या, आणि नियमित की ट्रेनी म्हणून?
>
> मला सध्याच्या ठिकाणी १५ दिवस आधी सांगावं लागतं. १ डिसेंबरला हजर होण्यासाठी ऑफर लेटर १५ नोव्हेंबरपर्यंत मिळावं. पत्र मिळाल्यावर मी राजीनामा देईन.
>
> वर काही चुकलं असेल तर दुरुस्त करून कळवावं. बरोबर असेल तर 'बरोबर' एवढं उत्तर पुरेल.

खाली त्याचं नाव, गाव, तालुका आणि ज्या नंबरवर फोन आला तो नंबर.

या मेलमधल्या काही गोष्टी मुद्दाम तशा आहेत. 'आपण कबूल केलं' असं कुठेही नाही, 'मला समजलं' असं आहे. कबूल केलं म्हटलं की समोरचा सावध होतो आणि उत्तर द्यायचं टाळतो. 'मला समजलं' म्हटलं की त्याला दुरुस्ती करावीशी वाटते, आणि दुरुस्ती म्हणजे उत्तरच. दुसरं, ठरलेलं वर आणि न ठरलेलं खाली, दोन्ही वेगळं ठेवलं. पोराला पहिल्यांदा 'पगार २०,००० हातात' असं लिहायचं होतं. मी अडवलं. जे बोलणं झालंच नाही ते ठरल्यासारखं लिहिलं तर सगळा मेलच खोटा ठरतो. तिसरं, मेल इतका छोटा की मॅडमनी तो पत्र बनवणाऱ्याला आहे तसा पुढे पाठवावा. एक्सेलमधल्या त्या एका ओळीच्या जागी तुमचा मेल जाऊन बसला की अर्धं काम झालं.

राजीनाम्याची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. तारीख उलटी मोजायची असते. १ डिसेंबरला हजर व्हायचं तर पंधरा दिवस मागे, म्हणजे १५ नोव्हेंबरला पत्र हातात. पत्र २० तारखेला आलं तर रुजू होण्याची तारीखही तितकी पुढे सरकणार, हे आधीच लिहून ठेवल्यामुळे नंतर वाद होत नाही. आपल्याकडे पोरं उलट करतात. फोन ठेवला की नोकरी सोडतात, ट्रॅव्हल्सचं तिकीट काढतात, आणि मग 'मेडिकल व्हायचं आहे, तारीख कळवतो' असा मेसेज येतो. इकडचं काम गेलेलं असतं आणि कापसाचा हंगाम अर्ध्यावर असतो.

मेल आयडी मात्र मॅडमकडून घ्यायचा राहिला होता. पोराने मेसेज केला, 'बोलण्याचा सारांश मेल करतो, आयडी द्या.' पंधरा मिनिटांत आयडी आला. हा मेसेज म्हणजे छोटी परीक्षाही असते. खरा भरतीवाला आयडी देतो, तुमचा मेल त्याला उपयोगीच पडतो. 'मेलची गरज नाही, आधी रजिस्ट्रेशनचे दोन हजार भरा' असं उत्तर आलं तर तिथेच थांबायचं. कंपनीच्या वेबसाइटवर तिच्या मनुष्यबळ खात्याचा पत्ता असतो, तिथे विचारून अशी भरती खरंच चालू आहे का ते पाहता येतं. आलेला आयडी कंपनीच्या किंवा कन्सल्टन्सीच्या नावाचा आहे की साधा जीमेलचा, तेही पाहायचं. छोट्या कन्सल्टन्सी जीमेल वापरतात, त्यामुळे तेवढ्यावरून फसवणूक म्हणता येत नाही, पण मग चौकशी जास्त करायची.

समोरचा व्हॉट्सॲपवरच राहणारा असेल तर हाच मजकूर तिथे टाकावा, एकाच मेसेजमध्ये, तुकड्यातुकड्यांत नाही. निळी टिक म्हणजे होकार नव्हे, फक्त वाचलं एवढंच. त्याने 'ओके' म्हटलं तर ते तुमच्या त्याच मेसेजला रिप्लाय म्हणून आहे का ते पाहा. नुसतं 'ओके' कशाला ओके, हे दोन महिन्यांनी सांगता येत नाही. मेसेज आपोआप गायब होण्याची सेटिंग चालू आहे का तेही बघा. काही पोरं म्हणतात, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. असू द्या. पण अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग कोणी ऐकत नाही, सात ओळींचा मेल सगळे वाचतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो. अडचण सिद्ध करण्याची आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ईमेल, मेसेज यांसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून चालतात, ठरलेल्या पद्धतीने प्रमाणपत्र जोडून. पण तुमच्या मेलला उत्तरच आलं नाही तर समोरच्याने मान्य केलं असं होत नाही. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. तो मेल फक्त एवढं दाखवतो की त्या दिवशी तुम्हाला काय समजलं होतं आणि ते तुम्ही कळवलं होतं. म्हणून उत्तर नसेल तर तिसऱ्या दिवशी त्याच मेलवर पुन्हा दोन ओळी लिहायच्या, मग फोन करायचा, आणि तोवर हातातलं काम सोडायचं नाही. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्ये नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. पण ते पत्र नोकरी लागताना मिळतं, आणि तुमचा निर्णय त्याआधीच झालेला असतो. मेल लागतो तो या मधल्या दिवसांसाठी.

दोन दिवसांनी, १० तारखेला, मॅडमचं उत्तर आलं. पोरगा मोबाइल घेऊन थेट माझ्याकडे. पद 'ट्रेनी सुपरवायझर', पहिले सहा महिने, नंतर कामगिरी पाहून कायम. शिकाऊ नाही, नियमित. रोल कंपनीचा. ड्यूटी आठ तासांची, ओव्हरटाइम वेगळा. २०,००० ग्रॉस. तारीख मेडिकल झाल्यावर नक्की होईल.

म्हणजे हातात साधारण अठरा हजार. तेरा हजारांपेक्षा जास्त, पण खोली आणि मेस वजा जाता फरक फार नाही. पोराच्या बापाला मी हिशोब दाखवला. ते म्हणाले, "पीएफ पडते ना? कंपनीचा रोल आहे ना? मंग जाऊ दे." मला तो विचार पटला. सहा महिन्यांनी कायम झाला तर पगारही वाढेल, आणि कंपनीच्या रोलवरचा अनुभव पुढच्या नोकरीत ठेकेदारीपेक्षा जास्त धरला जातो.

उत्तराला उत्तर द्यायचं असतं, हे बहुतेक जण विसरतात. पोराने लिहिलं, 'आपण कळवलेलं सगळं मान्य आहे. मेडिकलची तारीख कळवावी. मेडिकल आणि ऑफर लेटर दोन्ही झाल्यावर राजीनामा देतो, त्यानंतर १५ दिवसांनी हजर होतो.' यात १ डिसेंबर गेला आणि त्याच्या जागी एक नियम आला. तारीख नक्की नसेल तेव्हा अशी अट लिहिणंच बरं.

मेडिकल २१ नोव्हेंबरला झालं, पत्र २४ला पीडीएफमध्ये आलं. मेल आणि पत्र आम्ही ओळीला ओळ लावून वाचलं. पद बरोबर, ठिकाण बरोबर, पगाराच्या तक्त्यात ग्रॉस २०,००० बरोबर. ट्रेनीचा काळ मात्र 'एक वर्ष' छापला होता. पत्राच्या साच्यात तेच असणार. पोराने पत्रावर सही न करता मॅडमचा १० तारखेचा मेल जोडला आणि लिहिलं, 'आपल्या मेलमध्ये सहा महिने आहे, पत्रात एक वर्ष आलं आहे, कृपया पाहावं.' दुसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्त पत्र आलं.

त्याच संध्याकाळी त्याने जिनिंगच्या मालकाला राजीनाम्याचा कागद दिला आणि दुसऱ्या प्रतीवर मिळाल्याची सही घेतली. ११ डिसेंबरला तो पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये बसला. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कशीट, आधार, बँक पासबुक, दुरुस्त पत्र आणि त्या चार मेलच्या प्रिंट होत्या. प्रिंट त्याने गावातल्या सेतूवर काढल्या होत्या.